चॅरिझार्ड खरा की नकली?

पोकेमॉन कार्डांच्या पहिल्या इंग्रजी मालिकेतील चॅरिझार्ड हे जगात सर्वाधिक नकला झालेल्या संग्राह्य कार्डांपैकी एक आहे. अमेरिकेतील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९९ मध्ये ‘बेस सेट’ नावाने १०२ कार्डांची ही मालिका छापली. तिच्यात मित्सुहिरो अरिता यांनी रंगवलेल्या या आग ओकणाऱ्या ड्रॅगनला चौथा क्रमांक मिळाला. म्हणून कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ४/१०२ असा आकडा आणि त्याच्या शेजारी दुर्मीळतेची खूण असलेली काळी चांदणी दिसते. या कार्डाच्या पहिल्या आवृत्तीची, सर्वोत्तम श्रेणी मिळालेली एक प्रत २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरना विकली गेली. छापायला काही रुपये लागणारा पुठ्ठ्याचा तुकडा एवढ्या किमतीला जात असेल, तर त्याची नक्कल होणे ओघाने येतेच.

बाजारात फसवणूक तीन प्रकारांनी होते. पहिला प्रकार म्हणजे सरळ बनावट कार्ड, म्हणजे मूळ कार्ड स्कॅन करून दुसरीकडे छापलेले. दुसऱ्या प्रकारात कंपनीने पुढे अधिकृतपणे काढलेले पुनर्मुद्रण जुने म्हणून विकले जाते. तिसऱ्या प्रकारात कार्ड अस्सल असते, पण त्यावर खोटा शिक्का मारून किंवा कडा कापून त्याची किंमत फुगवलेली असते. तिन्हींची लक्षणे वेगवेगळी आहेत. पारखण्याचे सूत्र मात्र एकच : कार्डावरचे चित्र कोणीही उतरवू शकतो, पण ते कार्ड ज्या कागदावर आणि ज्या छपाई पद्धतीने तयार झाले, ती पद्धत उतरवणे अवघड असते. त्यामुळे जाणकार चित्रावर फार वेळ घालवत नाही. त्याची नजर छपाई, कागद आणि कडा यांच्यावर असते.

आवृत्ती ओळखणे

खरेदीपूर्वीची पहिली तपासणी केवळ छायाचित्रावरून करता येते. त्यासाठी बेस सेटच्या छपाईचा क्रम माहीत असावा लागतो. सर्वांत आधी ‘फर्स्ट एडिशन’ छापली गेली. तिच्या कार्डांवर चित्राच्या चौकटीखाली डाव्या बाजूला १ हा आकडा असलेला लहान काळा शिक्का असतो. त्यानंतर तीच कार्डे शिक्क्याशिवाय निघाली. या दोन्ही छपायांमध्ये चित्राच्या चौकटीला सावली नव्हती, म्हणून शिक्का नसलेल्या या कार्डांना संग्राहक ‘शॅडोलेस’ म्हणतात. पुढे मांडणी बदलली आणि चौकटीच्या उजव्या कडेला गडद सावली आली. मोठ्या संख्येने छापलेल्या या कार्डांना ‘अनलिमिटेड’ असे नाव पडले. तिघांच्या किमतींत प्रचंड फरक आहे. फर्स्ट एडिशन सर्वांत महाग, शॅडोलेस त्याखाली आणि अनलिमिटेड सर्वांत स्वस्त.

सावलीबरोबर तळाची स्वामित्वहक्काची बारीक ओळही बदलली. फर्स्ट एडिशन आणि शॅडोलेस कार्डांवर निन्टेंडोच्या नावाआधी १९९५, ९६, ९८, ९९ अशी चार वर्षे येतात. अनलिमिटेडमध्ये ९९ गळते आणि तीनच वर्षे उरतात. ओळीच्या शेवटी विझार्ड्सच्या नावाआधीचे १९९९ मात्र दोन्हीकडे असते. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या शेवटच्या छपाईत तेथे १९९९-२००० असे दिसते.

एवढ्या माहितीवर बरेच खोटे दावे तिथल्या तिथे निकालात निघतात. समजा, एखाद्या विक्रेत्याने फर्स्ट एडिशन चॅरिझार्ड म्हणून एक कार्ड बाजारभावाच्या चौथाई किमतीला काढले आहे. छायाचित्रात शिक्का स्वच्छ दिसतो. पण चौकटीच्या उजव्या कडेला सावली आहे आणि तळाच्या ओळीत ९९ नाही. असे चॅरिझार्ड कधी छापलेच गेले नाही, कारण शिक्का आला तेव्हा सावली नव्हती आणि सावली आली तेव्हा शिक्का गेलेला होता. म्हणजे एक तर संपूर्ण कार्ड बनावट आहे, किंवा स्वस्त अनलिमिटेड कार्डावर कोणी तरी शिक्का मारला आहे. भिंग हातात घेण्याचीही गरज पडत नाही.

छायाचित्रात आणखी काही गोष्टी पाहाव्यात. बेस सेटमध्ये वर उजवीकडे आधी १२० हा आकडा आणि मग एचपी ही अक्षरे येतात. नव्या कार्डांत हा क्रम उलट आहे, आणि अनेक नकलांमध्ये नवा क्रम तसाच उतरलेला असतो. पोकेमॉन या इंग्रजी शब्दातील ई अक्षरावर तिरकी रेघ असते. सुमार नकलांत ती गळते. बेस सेटला मालिकेचे चिन्ह नव्हते, त्यामुळे चित्राच्या खाली उजवीकडे एखादे चिन्ह दिसले, तर ते कार्ड या मालिकेतले नाही. चमकणारा फॉइल फक्त चित्राच्या चौकटीत असतो. संपूर्ण कार्डभर चमक असेल, किंवा कार्ड सोनेरी प्लास्टिकचे असेल, तर ते लहान मुलांच्या खेळण्यातले आहे. भारतातील खेळण्यांच्या दुकानांत सोनेरी कार्डांचे जे डबे मिळतात, ती याच जातीची कार्डे.

मागची बाजू बहुतेक वेळा पुढच्या बाजूपेक्षा लवकर बोलते. खऱ्या कार्डामागचा निळा रंग खोल असतो आणि त्यातील फिकट-गडद भोवरे स्पष्ट दिसतात. नकलांमध्ये तो निळा जांभळट किंवा धुरकट होतो आणि भोवऱ्यांचे तपशील एकमेकांत मिसळतात. विक्रेता मागच्या बाजूचे छायाचित्र देत नसेल, तर ते मागून घ्यावे. फॉइलसाठी कार्ड उजेडात हळूहळू तिरके करतानाची छोटी चित्रफीत मागावी. बेस सेटच्या फॉइलमध्ये लहानमोठ्या चांदण्यांची नक्षी असते आणि कार्ड हलवले की तिची चमक जागा बदलते. अनेक नकलांत तिच्या जागी सरसकट इंद्रधनुषी पट्टे दिसतात.

अधिकृत पुनर्मुद्रणे

चॅरिझार्डचे हेच चित्र कंपनीने पुढेही वापरले आहे. ही कार्डे बनावट नव्हेत आणि त्यांनाही किंमत आहे. फसवणूक होते ती त्यांना १९९९ची म्हणून विकल्यावर. २००० मधील ‘बेस सेट २’ मध्ये हा आकडा ४/१३० आहे आणि मालिकेचे चिन्हही आहे. २०१६ मधील ‘एव्हॉल्यूशन्स’ मालिकेने जुन्या मांडणीची आठवण करून देणारे चॅरिझार्ड काढले, पण त्यावर ११/१०८ असा आकडा आहे. ही दोन्ही कार्डे क्रमांकावरूनच वेगळी पडतात.

घोटाळा होतो तो २०२१ मधील ‘सेलिब्रेशन्स’ मालिकेत. पोकेमॉनला २५ वर्षे झाल्याच्या निमित्ताने काही गाजलेली कार्डे पुन्हा छापली गेली, तेव्हा चॅरिझार्डवर मूळचाच ४/१०२ हा आकडा ठेवला गेला. त्यामुळे केवळ क्रमांक पाहणारा ग्राहक येथे फसतो. या पुनर्मुद्रणावर वर्धापनवर्षाचे, २५ आकडा असलेले चिन्ह छापलेले आहे आणि फॉइलचा पोतही जुन्यापेक्षा वेगळा आहे. छायाचित्रात नेमका तो भाग बोटाने झाकला असेल, प्रकाशाच्या चकाकीत हरवला असेल किंवा कडेने कापला असेल, तर संपूर्ण कार्डाचे दुसरे छायाचित्र मिळेपर्यंत व्यवहार पुढे नेऊ नये.

हातातली तपासणी

कार्ड प्रत्यक्ष हाताळायला मिळाले, तर तपासणी बरीच खात्रीची होते. मात्र त्यासाठी तुलनेला खरे कार्ड जवळ हवे. बेस सेटमधील सामान्य कार्डे फारशी महाग नसतात. विश्वासू दुकानातून घेतलेले त्याच मालिकेतील एखादे साधे कार्ड आणि शक्य झाल्यास एखादे स्वस्त फॉइल कार्ड सोबत ठेवावे. महागड्या उपकरणांपेक्षा या दोन कार्डांचा उपयोग जास्त होतो, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक चाचणीत उत्तर एकट्या कार्डातून येत नाही, दोन कार्डांतल्या फरकातून येते.

प्रथम माप घ्यावे. पोकेमॉन कार्ड ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असते. संशयित कार्ड खऱ्या कार्डावर ठेवून चारही कडा आणि कोपऱ्यांची गोलाई जुळते का पाहावे. नकलांचे कोपरे बहुधा जास्त टोकदार किंवा जास्त गोल असतात, कारण ते वेगळ्या साच्याने कापलेले असतात. पुढच्या बाजूची पिवळी किनार एका बाजूला थोडी जाड असणे मात्र नकलीपणाचे लक्षण नाही. कारखान्यात कागद किंचित सरकून कापला गेल्याने अस्सल कार्डांतही असे वारंवार झाले आहे.

मग वजन. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा पुरतो. या काळातले कार्ड साधारण पावणेदोन ग्रॅम भरते. फॉइल कार्डाची तुलना फॉइल कार्डाशीच करावी. पातळ कागदावर छापलेली नक्कल या चाचणीत लगेच हलकी पडते. वजन जुळले, तर मात्र त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण योग्य जाडीचा कागद मिळवणे बनावट छापणाऱ्याला अशक्य नाही.

कागदाची बनावट अधिक बोलकी असते. पत्त्यांचा आणि अशा कार्डांचा कागद दोन पातळ थर एकमेकांना चिकटवून तयार होतो आणि मध्ये प्रकाश अडवणारा गडद थर असतो. पलीकडच्या खेळाडूला उजेडातून कार्ड दिसू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणून मोबाइलच्या टॉर्चसमोर खरे कार्ड धरल्यास प्रकाश मंद आणि सारखा झिरपतो. साध्या पुठ्ठ्यावर छापलेले कार्ड उजळून निघते आणि मागचे चित्र पुढून ओळखू येते. फॉइलचा थर स्वतःही प्रकाश अडवतो, म्हणून येथेही फॉइल कार्डासमोर फॉइल कार्डच धरावे. कार्डाची कड भिंगातून पाहिली, तर दोन पांढऱ्या थरांमधला गडद भाग बारीक रेघेसारखा दिसू शकतो. कार्ड फाडून हा थर पाहण्याची जुनी शिफारस खरेदीपूर्वी अर्थातच निरुपयोगी आहे.

भिंगाखाली

सर्वांत भरवशाची चाचणी भिंगाची आहे. घड्याळजी किंवा सोनार वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग चालते. तीस ते साठपट मोठे दाखवणारे आणि आतच दिवा असलेले छोटे भिंग आणखी उपयोगी. महाग कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात असेल, तर विक्रेत्यालाच ते बाहेर काढायला सांगावे.

मूळ कार्डे ऑफसेट पद्धतीने छापली गेली. या पद्धतीत निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाया चार वेगवेगळ्या प्लेटांवरून कागदावर येतात. प्रत्येक रंगाचे ठिपके वेगळ्या कोनात मांडलेले असतात आणि ते एकमेकांवर पडून लहान लहान फुलांसारखी नियमित रचना तयार होते. चॅरिझार्डच्या नारिंगी अंगावर किंवा पिवळ्या किनारीवर भिंग धरले की ही रचना दिसते. इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या नकलेत तिच्या जागी सर्वत्र विखुरलेले, अनियमित शिंतोडे दिसतात.

काळ्या अक्षरांत याहूनही स्पष्ट पुरावा सापडतो. मूळ छपाईत मजकुराचा काळा रंग ठिपक्यांशिवाय, एकसंध उमटतो. म्हणून हल्ल्यांची नावे, तळाची बारीक ओळ आणि ४/१०२ हा आकडा भिंगातून भरीव काळे दिसतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. नक्कल करणाऱ्याकडे मूळ प्लेट नसते. तो तयार कार्ड स्कॅन करतो. स्कॅनमध्ये मजकूर आणि चित्र मिळून एकच प्रतिमा बनते आणि ती पुन्हा छापताना अक्षरेसुद्धा रंगीत ठिपक्यांत फुटतात. त्यांच्या कडा खडबडीत होतात आणि अक्षराभोवती निळ्या-गुलाबी ठिपक्यांची झालर दिसते. शिवाय मूळ कार्डाचे ठिपके स्कॅनमध्ये आलेलेच असतात, आणि त्यांच्यावर नव्या छपाईचे ठिपके पडले की पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी उमटते. ही नक्षी दिसली, तर ती छापलेल्या वस्तूची पुन्हा केलेली छपाई आहे, हे समजावे.

या चाचणीलाही मर्यादा आहे. एखाद्याने स्कॅनवर न थांबता सर्व मजकूर संगणकावर नव्याने जुळवला आणि ऑफसेट यंत्रावर काळ्या रंगाची स्वतंत्र प्लेट काढली, तर अक्षरे भरीव दिसू शकतात. तेव्हा अक्षरांचे वळण, शब्दांमधले अंतर आणि ऊर्जेच्या गोल चिन्हांची जाडी खऱ्या कार्डाशेजारी ठेवून ताडून पाहावी लागते. नव्याने जुळवलेल्या मजकुरात कुठे तरी अक्षर किंचित जाड किंवा ओळ किंचित सरकलेली असते.

अस्सल कार्डावरील फेरफार

कागद, रंग आणि छपाई सर्व खरी ठरली, तरी शिक्का आणि कडा वेगळ्या तपासाव्या लागतात. अनलिमिटेड कार्डावरचा खोटा शिक्का सावलीमुळे उघडा पडतो. शॅडोलेस कार्डावर मारलेला शिक्का हे अवघड प्रकरण, कारण शिक्का सोडला तर बाकीचे कार्ड जवळपास फर्स्ट एडिशनसारखेच असते. भिंगाखाली खऱ्या शिक्क्याच्या वर्तुळाची कड स्वच्छ असते आणि आतला मजकूर भरलेला नसतो. नंतर मारलेल्या शिक्क्याची शाई कडेने पसरते, पृष्ठभागावर उठून दिसते किंवा तिरके धरल्यावर वेगळी चमकते. शिक्क्याची जाडी मात्र निकष मानू नये. खऱ्या फर्स्ट एडिशनमध्येही जाड आणि बारीक असे दोन्ही शिक्के आढळतात.

कडा कापण्याचा हेतू वेगळा असतो. झिजलेले पांढरे कोपरे छाटून कार्ड नवे भासवले जाते. अशा कार्डाची रुंदी किंवा उंची बहुधा किंचित कमी भरते. खऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यात ते मध्ये ठेवून कडेने बोट फिरवले, तर खाच जाणवते. पाव शतक जुन्या कार्डाच्या तीन कडा झिजलेल्या आणि चौथी अगदी धारदार असेल, तर त्या कडेची मोजणी आवर्जून करावी.

जंबुपार किरणांच्या दिव्याची चाचणीही अनेकदा सुचवली जाते. ती सर्व कार्डांना लागू नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात असे पदार्थ मिसळले जाऊ लागले, जे या दिव्याखाली निळसर चमकतात. त्यामुळे १९०९ ते १९११ मधील, टी२०६ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी बेसबॉल मालिकेतले म्हणून विकले जाणारे कार्ड चमकले, तर ते नंतरचे पुनर्मुद्रण ठरते. १९९९ च्या पोकेमॉन कार्डासाठी मात्र चमकणे किंवा न चमकणे याला स्वतंत्र अर्थ नाही. तेथेही त्याच मालिकेतील खऱ्या कार्डाशी तुलना हाच मार्ग.

डबीबंद कार्ड

महाग कार्डे बहुधा पीएसएसारख्या कंपनीकडून तपासून, श्रेणी देऊन, कडक प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली असतात. संग्राहक या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. कंपनीच्या चिठ्ठीवरचा क्रमांक तिच्या संकेतस्थळावर टाकला की कार्डाचे नाव, आवृत्ती आणि श्रेणी दिसते. फक्त क्रमांक सापडला म्हणून व्यवहार पक्का करणे धोक्याचे आहे, कारण खऱ्या स्लॅबच्या छायाचित्रातून क्रमांक उचलून तो बनावट चिठ्ठीवर छापता येतो. संकेतस्थळावर त्या कार्डाचे छायाचित्र असेल, तर किनारींची जाडी, ओरखडे आणि कोपऱ्यांवरचे पांढरे ठिपके जुळवून पाहावेत. दोन कार्डांच्या खुणा तंतोतंत सारख्या नसतात. डबीचे सांधे ओरखडलेले, धुरकट किंवा पुन्हा चिकटवल्यासारखे दिसत असतील, तर आतले कार्ड बदललेले असू शकते.

प्रमाणनालाही मर्यादा आहेत, हे पोकेमॉनच्या चाचणी कार्डांच्या प्रकरणाने दाखवून दिले. खेळ बाजारात येण्यापूर्वी, १९९६ च्या सुमारास, निर्मात्यांनी आपसांत खेळून पाहण्यासाठी केलेली म्हणून काही कार्डे २०२४ मध्ये विक्रीला आली. ती कार्डनिर्मितीशी सुरुवातीपासून संबंधित व्यक्तीकडून आल्याचा दाखला होता आणि सीजीसी या प्रमाणन कंपनीने त्यांना डबीत बंद केले होते. २०२५ च्या सुरुवातीला संग्राहकांनीच काही कार्डांची मोठ्या तपशिलातली चित्रे तपासली, तेव्हा त्यांवर अतिशय बारीक पिवळे ठिपके आढळले. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर असे ठिपके उमटवतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण त्यांच्या मांडणीत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख दडलेली असते. या ठिपक्यांची उकल केल्यावर वर्ष २०२४ निघाले. निर्णायक पुरावा येथेही छपाईतच होता. कार्डे कोणाकडून आली, याच्या कहाणीचा तेथे काही उपयोग झाला नाही.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा. आधी छायाचित्रावरून सावली, वर्षांची ओळ, क्रमांक आणि चिन्हे पाहावीत. मग कार्ड हातात घेऊन माप, वजन आणि प्रकाश, त्यानंतर भिंगाखाली रंग आणि अक्षरे, आणि शेवटी शिक्का व कडा. एखाद्या पायरीवर विसंगती आढळली, तर पुढच्या पायरीवरचे अनुकूल उत्तर ती भरून काढत नाही. सर्व पायऱ्या करता येत नसतील, तर जेवढे सिद्ध झाले तेवढ्याचीच किंमत द्यावी. शॅडोलेस असल्याची खात्री पटली, पण शिक्क्याबद्दल शंका उरली, तर ते कार्ड शॅडोलेसच्या भावानेही घेऊ नये. शिक्का खोटा निघाल्यास ते छेडछाड केलेले कार्ड ठरते आणि त्याचे मोल स्वच्छ शॅडोलेस कार्डापेक्षाही कमी असते.